पाणीटंचाईबाबत संपादकांना पत्र (शालेय पत्रलेखन)

आपल्या भागात पाणी नीट येत नाही हे वर्तमानपत्राच्या संपादकांना कळवणारं औपचारिक पत्र म्हणजे शाळेतल्या पत्रलेखनाचा एकदम ओळखीचा विषय. मराठीच्या पेपरात तो उपयोजित लेखनात येतो, आणि कधी प्रश्नातच एखादी बातमी किंवा चार मुद्दे दिलेले असतात तर कधी नुसतं 'तुमच्या भागातील अनियमित पाणीपुरवठ्याबद्दल संपादकांना पत्र लिहा' एवढंच.

यात मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती एकाच जागी. पत्र संपादकांना असतं पण शेवटी लिहिलेलं असतं 'तरी आपण आमच्या भागात लवकरात लवकर पाणी सोडावे ही विनंती'. आता संपादकांच्या हातात काही व्हॉल्व्हची चावी नसते, पाणी सोडणार नगरपालिका किंवा महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग. संपादकांकडे मागायची गोष्ट एकच, की हे पत्र आपल्या दैनिकात छापा म्हणजे संबंधित अधिकाऱ्यांचं लक्ष जाईल. हेच पत्र पाणीपुरवठा अभियंत्याला असतं तर ते तक्रारपत्र झालं असतं आणि त्यात सरळ मागणी करता आली असती. आणखी एक फरक असा की अभियंत्याला तुमची गल्ली माहीत असते, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ती माहीत नसते, म्हणून इथे दोन वाक्यांत परिस्थिती उभी करावी लागते.

मांडणी अवघड नाही. दिनांक, मग 'प्रति, मा. संपादक', खाली दैनिकाचं नाव आणि शहर, मग विषय, 'महोदय', मजकूर, आणि शेवटी 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू'. आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वर उजवीकडे लिहायचे, आता ई-मेलच्या धर्तीवर सगळं डावीकडेच लिहितात आणि नाव-पत्ता, ई-मेल खाली देतात. 'स.न.वि.वि.' इथे नको, ते घरच्या, ओळखीच्या पत्राला. परीक्षेत स्वतःचं खरं नाव टाकायचं नसतं, प्रश्नात नाव दिलं असेल तर ते आणि नसेल तर अ. ब. क., कारण पेपरवर ओळख पटेल असं काही चालत नाही.

खरी मेहनत मजकुरात आहे. बहुतेक पत्रं 'पाणी म्हणजे जीवन' इथून सुरू होतात आणि निम्मं पान त्यातच जातं, मग 'खूप त्रास होतो', 'महिलांचे हाल होतात' अशी वाक्यं, जी कुठल्याही गावाला लावता येतील. त्यापेक्षा एक दिवस नळाजवळ बादली आणि घड्याळ घेऊन बसलं तर पत्र आपोआप भरतं. समजा १५ लिटरची बादली भरायला ३ मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ५ लिटर. पाणी दिवसाआड ४० मिनिटं येतं, म्हणजे एका वेळी २०० लिटर आणि ते दोन दिवस पुरवायचं. घरात ५ माणसं असतील तर माणशी दिवसाला २० लिटर झाले. शहरी पाणीयोजना आखताना, जिथे भुयारी गटारं आहेत तिथे, माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, आणि जल जीवन मिशनमध्ये गावातल्या घरालासुद्धा माणशी ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे. आता 'पाणी अपुरे येते' असं वेगळं लिहायची गरजच उरत नाही, २० हा आकडाच पुरेसा आहे.

टंचाई कशामुळे आहे हेही थोडं बघावं लागतं, नाहीतर पत्र चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवतं. धरणात साठा कमी म्हणून पाणीकपात असेल तर ती सहसा सगळ्या शहराला सारखी असते आणि आधी जाहीर झालेली असते. पण मागच्या गल्लीत तासभर धो धो पाणी आणि आपल्याकडे करंगळीएवढी धार, असं असेल तर प्रश्न वाटपाचा आहे. व्हॉल्व्ह अर्धवट उघडला जातोय, कुठेतरी पाइप गळतोय, किंवा वरच्या घरांनी थेट लाइनला मोटर लावली आहे. मोटर लावली असेल तर शेवटच्या घरात नळातून आधी नुसती फुसफुस करत हवा येते आणि वरची मोटर बंद झाली की लगेच धार वाढते. सुरुवातीची काही मिनिटं गढूळ पाणी येत असेल तर तेही लिहावं, कारण लाइन रिकामी राहते तेव्हा गळक्या जागेतून बाहेरची घाण आत शिरू शकते. मात्र अमक्याच्या घरी मोटर आहे असं नाव घेऊन लिहू नये. पुरावा नसताना शेजाऱ्यावर आरोप छापायला कोणी तयार होत नाही, आणि व्हायलाही नको.

हे सगळं धरून लिहिलेलं पत्र साधारण असं होतं:

दिनांक : १५ एप्रिल
प्रति,
मा. संपादक,
(दैनिकाचे नाव, शहर)

विषय : गणेशनगरमधील अपुऱ्या पाणीपुरवठ्याकडे लक्ष वेधण्याबाबत.

महोदय,
गणेशनगरच्या गल्ली क्र. ३ मध्ये गेल्या पाच आठवड्यांपासून दिवसाआड जेमतेम ४० मिनिटे पाणी येते. दाब इतका कमी असतो की १५ लिटरची बादली भरायला ३ मिनिटे लागतात. पाच जणांच्या कुटुंबाला माणशी दिवसाला फक्त २० लिटर पाणी मिळते. शेजारच्या गल्लीत याच दिवशी तासभर पूर्ण दाबाने पाणी असते, त्यामुळे ही कपात नसून वितरणातील दोष असावा असे वाटते. पाणीपुरवठा विभागाकडे रहिवाशांनी दोनदा लेखी तक्रार केली आहे, परंतु अद्याप पाहणी झालेली नाही.
आपल्या दैनिकात हे पत्र प्रसिद्ध करून संबंधितांचे लक्ष वेधावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
अ. ब. क.
गल्ली क्र. ३, गणेशनगर
(ई-मेल)

या पत्रातलं माझ्या मते सगळ्यात कामाचं वाक्य दोनदा लेखी तक्रार केल्याचं आहे. आधी विभागाकडे गेलो, तिथे काही झालं नाही म्हणून वर्तमानपत्राकडे आलो, हा क्रम त्यातून दिसतो, आणि मुलं नेमकं हेच वाक्य विसरतात. भाषाही बघण्यासारखी आहे. बोलताना 'येतं', 'होतं' म्हणतो तिथे औपचारिक पत्रात 'येते', 'होते' लिहायचं, आणि राग आला तरी 'झोपलेले प्रशासन' वगैरे शब्द टाळायचे. 'दोष असावा असे वाटते' हे मुद्दाम सावध लिहिलंय, कारण जे स्वतः मोजलं ते ठामपणे सांगता येतं, कारण मात्र अंदाजच असतो.

वहीतलं पत्र खरंच पाठवायचं असेल तर थोडा बदल करावा लागतो. लोकसत्तेचं 'लोकमानस' किंवा महाराष्ट्र टाइम्सचं 'बहुतांची अंतरे' अशा सदरांत वाचकांची पत्रं येतात, पण तिथे अ. ब. क. चालणार नाही, खरं नाव, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर द्यावा. एका गल्लीचा प्रश्न असेल तर शहराच्या स्थानिक पुरवणीकडे पाठवणं जास्त बरं. जागेप्रमाणे पत्र कापलं जातं, म्हणून गल्ली, किती दिवस आणि किती लिटर या तीन गोष्टी पहिल्या तीन-चार वाक्यांतच येऊ द्याव्यात.