उत्कंठानिर्मिती, लघुपटातील : शांतता, पडद्याबाहेरचा आवाज आणि सावकाश उलगडा

लघुपटात प्रेक्षकाला दचकवणारी दृश्ये न दाखवता त्याला अस्वस्थ आणि सावध ठेवण्याची रीत. तिची साधने तीन : चाललेला आवाज थांबवणे, ज्याचा उगम चौकटीत दिसत नाही असा आवाज ऐकवणे, आणि दृश्यातली माहिती थोडी थोडी हाती देणे. ही तीन साधने सुटी सुटी वापरली तर फारसे काही साधत नाही. प्रेक्षकाला एखाद्या आवाजाची आधी नीट ओळख झालेली असेल, तरच तो आवाज पडद्याबाहेर गेल्यावर किंवा थांबल्यावर काही सांगू शकतो. या पद्धतीचा सगळा भार त्या आधीच्या ओळखीवर असतो आणि बहुतेक फसलेल्या लघुपटांत नेमकी तीच राहून गेलेली असते.

फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (1931) या जर्मन बोलपटात हे तत्त्व बोलपटाच्या सुरुवातीच्या काळातच पूर्णत्वाला गेलेले दिसते. शाळेतून न परतलेल्या मुलीला आई हाका मारते. त्या हाका ऐकू येत असताना पडद्यावर रिकामा जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा माळा आणि टेबलावरची न वापरलेली ताटली दिसते. पुढे झुडपातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा दिसतो. खून दाखवलेला नाही. पण चेंडू आणि फुगा त्या मुलीचे आहेत हे प्रेक्षकाने आधी पाहिलेले असते. पुण्याकडे पाहिले, तर प्रभात फिल्म कंपनीचा व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ (1937) रहस्यपट नव्हता, तरी पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातल्या खऱ्या आवाजांवर भिस्त ठेवण्याचे त्याने केलेले धाडस याच वाटेवरचे आहे. कोल्हापूरहून 1933 मध्ये पुण्यात आलेल्या प्रभातच्या त्याच आवारात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तेथे ध्वनी हा स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून शिकवला जातो.

या पद्धतीला पुण्याच्या पेठांतला जुना वाडा विशेष मानवतो, आणि त्याचे कारण बांधकामात आहे. जाड भिंतींतून बोलणे सहसा पलीकडे जात नाही, पण माडीची जमीन लाकडी तुळयांवर टाकलेल्या फळ्यांची असते, त्यामुळे वर कोणी चालले की टाचेचा धप्प असा आवाज खालच्या खोलीत स्पष्ट उतरतो. म्हणजे वर माणूस आहे हे कळते, कोण आहे ते कळत नाही. जिना अरुंद, अंधारा आणि उभा असतो, आधाराला वरून दोर सोडलेला असतो, आणि प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा असतो.

उदाहरणासाठी नऊ मिनिटांचा एक कल्पित लघुपट घेऊ. पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आलेल्या वाड्यात एकट्या राहिलेल्या मावशी. माडी कुलूपबंद. जिन्याला तेरा पायऱ्या, त्यांतली वरून नववी करकरते. पहिल्या दोन मिनिटांत दिवसाउजेडी बिल्डरचा माणूस माडी पाहून खाली उतरतो. कॅमेरा जिन्याच्या तळाशी स्थिर आहे, सगळा जिना दिसतो, आणि नववी पायरी मोठ्याने करकरते. मावशी म्हणतात, “त्या पायरीवर पाय देऊ नका हो. आमच्या घरात कुणीच देत नाही.” मग त्या स्वतः दोर धरून उतरतात आणि सवयीने ती पायरी ओलांडतात. एवढेच दाखवायचे. कॅमेरा पायरीजवळ न्यायचा नाही, क्लोज-अप घ्यायचा नाही. पायरी बोटाने दाखवल्यासारखी दिसली, की पुढे ती वापरली जाणार हे प्रेक्षक ओळखतो आणि बेसावध राहत नाही.

याच दोन मिनिटांत दुसऱ्या एका आवाजाची सवय लावून घ्यायची असते. स्वयंपाकघरातला जुना फ्रिज सतत घरघरतो आणि त्यावर ठेवलेल्या पातेल्याचे झाकण बारीक थरथरते. चित्रीकरणाच्या वेळी मात्र फ्रिज बंदच ठेवावा लागतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो, मध्येच थांबतो आणि संकलनात प्रत्येक कटला घरघर तुटलेली कळते. ध्वनिमुद्रक फ्रिजची घरघर वेगळी मुद्रित करून घेतात आणि नंतर हव्या तेवढ्या लांबीने अंथरतात. (फ्रिज पुन्हा सुरू करायचा विसर पडू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवण्याची युक्ती अनेक युनिटांत चालते. किल्लीशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही.)

आता रात्रीचा प्रसंग. मावशी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भाजी निवडत आहेत. शॉट समोरून, स्थिर, कमरेपासून वर. जिना चौकटीबाहेर, त्यांच्या पाठीमागच्या दाराच्या पलीकडे. अर्धा मिनिट काहीच घडत नाही. मग फ्रिज एक धक्का देऊन थांबतो आणि झाकणाची थरथर मिटते. या क्षणी शांतता ऐकू येते, कारण कानाला आधी काहीतरी ऐकण्याची सवय झालेली होती. तोच आवाज पाच-सहा सेकंदांत हळूहळू कमी केला, तर तो गेल्याचे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. तो एकदम थांबायला हवा.

थांबल्यानंतर उरते ती मात्र निर्जीव पोकळी नसावी. साउंडट्रॅक पूर्ण कोरा ठेवला, तर प्रेक्षकाला स्पीकर बिघडल्यासारखे वाटते आणि तो गोष्टीतून बाहेर येतो. त्यासाठी त्या खोलीचा स्वतःचा श्वास, म्हणजे रूम टोन, लागतो. त्याच खोलीत, त्याच दिव्यांखाली, सगळ्यांनी निश्चल उभे राहून किमान मिनिटभर तो मुद्रित करायचा. पेठांत यासाठी रात्री दीड ते साडेतीन ही वेळ बरी. त्याआधी रस्ता थांबलेला नसतो, आणि उन्हाळ्यात पहाट जवळ आली की कोकीळ सुरू होतो. रूम टोनमध्ये एकदा जरी कोकीळ आला, तरी प्रेक्षकाच्या मनात मध्यरात्रीची पहाट होते.

शांततेत वरून पावले येऊ लागतात. एक, दोन, तीन, सावकाश, साधारण सेकंदाला एक. मावशींचे हात थांबतात. आपण मोजू लागतो, कारण नववी येणार हे ठाऊक आहे. आठ. मग किंचित लांबलेला खंड, आणि करकर न होता पुढची धप्प. नववी ओलांडली गेली. उतरणारा माणूस परका नाही. तो या घरात वाढलेला आहे. एकही शब्द, एकही चेहरा न दाखवता प्रेक्षकाला हे कळते, आणि माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद येथे आहे : न झालेल्या आवाजाने माहिती दिली.

हा खंड बेतणे हे सगळ्यांत नाजूक काम आहे. पावलांतले अंतर एक सेकंद असेल, तर ओलांडण्याचा खंड दीड ते पावणेदोन सेकंदांचा हवा. तो इतर पावलांइतकाच ठेवला, तर निम्म्या प्रेक्षकांची मोजदाद चुकते आणि त्यांना काहीच वेगळे घडल्याचे जाणवत नाही. तीन सेकंदांचा केला, तर माणूस थबकला असा अर्थ होतो. ओलांडून टेकलेले पाऊल इतरांपेक्षा जड पडते, तेही ऐकू यायला हवे. म्हणून ध्वनिसंग्रहातली तयार पावले येथे चालत नाहीत. त्यांतली बरीच टाचांच्या बुटांची असतात आणि वाड्यातल्या जिन्यावरून अनवाणी उतरणाऱ्या माणसाशी त्यांचे काही नाते नसते. खऱ्या जिन्यावरून खरा माणूस अनवाणी उतरवावा आणि माइक मावशी बसल्या आहेत तेथे, दार लावून ठेवावा. मग बंद दाराने खाल्लेला तीक्ष्णपणा आणि अंतराचा घुमारा आपोआप मिळतो. नाइलाजाने पावले जवळून मुद्रित केली असतील, तर मिक्सिंगमध्ये वरच्या पट्टीचे आवाज कापून त्यांना भिंतीपलीकडे ढकलावे लागते.

तेरावी पायरी होते आणि पावले थांबतात. येथून दृश्याची पाळी. पहिल्यांदा दाराच्या फटीतला उजेड दिसतो, त्यात दोन पायांची सावली उभी राहते. मग कडी आतून हलताना दिसते. दार उघडते, पण कॅमेरा मावशींवरच आहे. मागे फोकसबाहेर एक आकृती आहे, आणि तिचा हात न चाचपडता थेट दिव्याच्या बटणावर जातो. ते बटण नेहमीच्या जागी नसून फळीच्या आड आहे, हे आपण दिवसा पाहिलेले असते. प्रत्येक तुकडा आधीच्या शंकेला दुजोरा देतो आणि चेहरा पुढे ढकलतो. शेवटी दिसतो तो वाटणीवरून घर सोडून गेलेला भाऊ. त्याच्या हातात शस्त्र नाही, कपड्यांवर रक्त नाही. त्याला कुलूपबंद माडीत कसे जाता आले, हे शेजारच्या रिकाम्या वाड्याच्या माळ्याकडे एकदा आधी नजर टाकून सुचवता येते.

हा प्रसंग बिघडवण्याचा हमखास मार्ग म्हणजे पावलांच्या वेळी मावशींच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे वारंवार कट घेणे. प्रत्येक कट प्रेक्षकाची मोजदाद तोडतो. संगीत घातले तरी तेच होते. तिसरा मार्ग शेवटी दार धाडकन आपटण्याचा. प्रेक्षक दचकतो, त्याच क्षणी मोकळा होतो आणि भावाचा चेहरा दिसेपर्यंत ताण उरलेला नसतो.

कच्चे संकलन झाले की दोन चाचण्या घ्याव्यात. गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला दिवसाचा प्रसंग दाखवावा, मग रात्रीचा प्रसंग पाठमोरे बसवून फक्त ऐकवावा आणि जिना कोठे आहे, माणूस वर जातोय की खाली येतोय, हे विचारावे. सांगता आले नाही, तर दिवसाच्या प्रसंगातली ओळख कमी पडली, रात्रीचा प्रसंग दुरुस्त करून उपयोग नाही. दुसऱ्या माणसाला पूर्ण लघुपट दाखवून, उतरणारा परका वाटला की घरचा आणि का, एवढेच विचारावे. “पायरी वाजली नाही” असे उत्तर आले तर खंड बरोबर बसला आहे.

मर्यादा मोबाइलची आहे, आणि लघुपट आता जास्त करून तेथेच पाहिले जातात. फ्रिजची मूळ घरघर सुमारे 100 हर्ट्झची असते. मोबाइलचा छोटा स्पीकर ती जवळजवळ वाजवतच नाही, त्यामुळे ती थांबल्याचेही कळत नाही. झाकणाची थरथर उंच पट्टीतली असल्याने तेवढी ऐकू येते, आणि म्हणून ते पातेले फ्रिजवर ठेवलेले असते. पावलांच्या धपधपीतही लाकडाची थोडी कुरकुर मिसळावी लागते, नाहीतर मोबाइलवर सहा पावले ऐकू येतात आणि सहा हरवतात. ही कुरकुर नववीच्या करकरीपेक्षा बरीच हलकी ठेवावी, अन्यथा सगळ्याच पायऱ्या सारख्या वाटतात. फोकसबाहेरची आकृतीही लहान पडद्यावर काळ्यात बुडते, तिच्यामागे मंद का होईना, उजेड हवाच. महोत्सवाच्या पडद्यासाठी आणि मोबाइलसाठी आवाजाच्या दोन वेगळ्या प्रती करणे परवडत असेल, तर तो खर्च कॅमेऱ्याच्या भाड्यातून वाचवूनही करावा.