खडी, वात आणि पिंपातलं पाणी

कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा चांगला होतो, असं इतके जण ठामपणे सांगतात की ते तपासून पाहायचं कुणाच्या मनातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. पिकाखालची माती किती पाणी खाली सोडते हे मोजण्यासाठी पहिलं पिंप पुरलं, तेव्हा तळाशी चांगली वीतभर खडी पसरली होती. महिन्याभरात पिंपातलं पीक आजूबाजूच्या पिकापेक्षा हिरवंगार दिसायला लागलं आणि मला शंका आली.

या पिंपाला लायसीमीटर म्हणतात. तळाला भोक असलेलं पिंप मातीने भरून जमिनीत पुरायचं, त्यात पीक घ्यायचं आणि भोकातून येणारं पाणी शेजारच्या खड्ड्यातल्या अरुंद तोंडाच्या, झाकलेल्या कॅनमध्ये गोळा करायचं. पाऊस आणि दिलेलं पाणी यांच्या बेरजेतून हा निचरा वजा केला की जे उरतं, ते मातीवरून आणि पानांतून हवेत गेलेलं असतं. बाष्पीभवन आणि बाष्पोत्सर्जन मिळून होणाऱ्या या खर्चाला शेतीतले लोक थोडक्यात ईटी म्हणतात.

आता खडीकडे वळू. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. तोच स्पंज उभा धरलात तर पुन्हा गळायला लागेल. पाणी तेच, स्पंजही तोच, बदलली ती फक्त उंची. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी केशाकर्षणाने धरून ठेवतात. ०.१ मिलिमीटर व्यासाची पोकळी सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकते. शेतात खालची माती वरच्या मातीतलं पाणी ओढून घेते. पिंपात मात्र माती तळाशी संपते आणि पुढे असते हवा किंवा खडी, म्हणजे मोठमोठ्या पोकळ्या, ज्यांना ओढच नाही. तळाची माती काठोकाठ भिजल्याशिवाय पाण्याचा एक थेंबही सुटत नाही. त्यामुळे तळाशी कायम एक चिंब थर राहतो. खडीने तो जात नाही, उलट खडीच्या जाडीएवढा वर, मुळांच्या जवळ सरकतो. मुळं तिथून फुकटचं पाणी पितात, ईटी जास्त भरते आणि निचरा कमी.

यावर उपाय आहे वातीचा. काचतंतूची जाड दोरी घ्यायची, तिचं एक टोक उकलून तंतू पिंपाच्या तळावर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरायचे आणि बाकीची दोरी भोकातून नळीत ४० सेंटिमीटर खाली लोंबू द्यायची. दोरीत लटकलेलं पाणी आपल्याच वजनाने वरच्या मातीला ओढ लावतं, जवळपास ४० सेंटिमीटर खोल मातीने लावावी तितकी. सुती दोरी मात्र नको, ती कुजते.

माती भरताना घाई करू नये. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८७० साली जमिनीचा न हललेला ठोकळा तसाच ठेवून त्याच्याभोवती भिंती बांधल्या होत्या. आपल्याला ते जमणार नाही, म्हणून खणताना १०-१० सेंटिमीटरचे थर वेगळे ठेवायचे आणि त्याच क्रमाने, निघालेली सगळी माती तेवढ्याच जाडीत परत बसवायची. पिंपाचा काठ मातीच्या वर चार-पाच सेंटिमीटर राहू द्यावा, म्हणजे बाहेरचं पाणी आत वाहून येत नाही. आणि पिंपाभोवतीही तेच पीक हवं. उघड्या रानात एकटं उभं असलेलं पिंप गरम वाऱ्यामुळे भलतीच ईटी दाखवतं.

आता हिशेब. पिंपाचा आतला व्यास ५७ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.२५५ चौरस मीटर. तेव्हा ०.२५५ लिटर म्हणजे १ मिलिमीटर पाणी. समजा दहा दिवसांत पाऊस २२ मिलिमीटर झाला, १२ लिटर पाणी दिलं आणि कॅनमध्ये ४.६ लिटर आलं. दिलेलं पाणी ४७ मिलिमीटर आणि निचरा १८ मिलिमीटर, म्हणून ईटी २२ + ४७ − १८ = ५१, रोजची साधारण ५ मिलिमीटर. पण मातीत मुरून राहिलेलं पाणी दोन्ही टोकांना सारखं असेल तरच हे खरं. म्हणून हिशेब वाफशापासून वाफशापर्यंत करायचा. सुरुवातीला भरपूर पाणी द्यायचं, ठिबकणं थांबलं की कॅन रिकामा करून मोजणी सुरू करायची. शेवटीही निचरा होईल इतकं पाणी देऊन ठिबकणं थांबेपर्यंत थांबायचं. रोजचा आकडा या पिंपाकडे मागू नये. ते काम वजनकाट्यावर ठेवलेल्या लायसीमीटरचं.

‘चुंबकीय’ पाण्याने पिकाची गरज निम्मी होते असं सांगणारे भेटतात. त्यांनी शेजारी शेजारी अशी दोन-तीन जोड पिंपं पुरावीत आणि कॅन मोजावेत.

राहिली भिंतीची चोरी. चिकणमाती वाळली की आकसते आणि पत्र्यालगत फट पडते. पाणी मातीत न मुरता त्या फटीतून थेट खाली जातं. पाणी दिल्यावर दहा मिनिटांतच कॅनमध्ये टपटप सुरू झाली, तर समजावं की ते मातीतून आलेलं नाही. अशा वेळी त्या फेरीचा आकडा खोडायचा आणि काठालगतची माती बोटाने दाबून फट बुजवायची.