ब्रेड, दही, लोणचं : यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल जिवाणूंची कामं कशी वेगळी झाली

प्रश्न : किण्वन ही सजीवांची क्रिया आहे हे कसं सिद्ध झालं?

आंबट दुधातलं लॅक्टिक आम्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1780 मध्येच वेगळं केलं होतं. ते आम्ल कोण तयार करतं, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणाला पडला नव्हता. 1837 च्या आसपास कान्यार-लातूर आणि श्वान यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की यीस्टच्या पेशींना मुकुल फुटतात, त्या वाढतात आणि त्यांच्या वाढीबरोबरच साखरेचं अल्कोहोल होतं. रसायनशास्त्रज्ञ लीबिगला हे पटलं नाही. कुजणाऱ्या पदार्थातल्या रासायनिक हालचालीमुळे साखर फुटते, असं त्याचं मत होतं. 1839 मध्ये त्याच्याच नियतकालिकात एक निनावी विडंबन छापून आलं. त्यात यीस्ट म्हणजे साखर खाऊन एका टोकाने अल्कोहोल आणि दुसऱ्या टोकाने वायू सोडणारा चिमुकला प्राणी, अशी टर उडवलेली होती. प्राणी सोडला तर वर्णन फारसं चुकलेलं नव्हतं.

निर्णायक काम पाश्चरचं. 1857 मध्ये लील येथे त्याने लॅक्टिक किण्वनावरचा आपला लेख वाचून दाखवला. आंबलेल्या द्रावणाच्या तळाशी दिसणारा करडा थर त्याने किंचित उचलला आणि साखर, यीस्टचा उकळून गाळलेला अर्क आणि खडू घातलेल्या ताज्या द्रावणात टाकला. ते द्रावणही आंबलं आणि तोच करडा थर तिथे वाढला. खडू घालण्याचं कारण उत्तरात जरूर लिहावं : तयार होणारं आम्ल खडू निष्प्रभ करतो, नाहीतर जिवाणू स्वतःच्याच आम्लाने थांबतात. यीस्ट वेगळं, या करड्या थरातला जीव यीस्टपेक्षा कितीतरी लहान आणि वेगळा, आणि दोघांचं उत्पादनही वेगळं. पुढचं सगळं या भेदावर उभं आहे.

या जिवाणूचं शुद्ध वाण मिळवलं शल्यचिकित्सक लिस्टरने. त्याने आंबट दूध इतकं पातळ केलं की थेंबात सरासरी एखादाच जिवाणू यावा, आणि असे थेंब उकळलेल्या दुधात सोडले. काही भांड्यांतलं दूध विरजलं, काहींतलं तसंच राहिलं. विरजलेल्या दुधात एकाच प्रकारचे जिवाणू होते. नंतर 1897 मध्ये बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस पिळला. त्या पेशीविरहित रसातही साखर आंबली. म्हणजे काम पेशीतली विकरं करतात. लीबिग आणि पाश्चर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

प्रश्न : ब्रेडसाठी यीस्ट आणि दह्यासाठी जिवाणूच का? अदलाबदल का चालत नाही?

दोघेही ग्लुकोज फोडून आधी पायरुविक आम्लापर्यंत येतात. फरक त्यानंतर पडतो.

यीस्ट : C6H12O6 → 2C2H5OH + 2CO2

दह्यातले जिवाणू : C6H12O6 → 2CH3CHOHCOOH

दुसऱ्या समीकरणात वायू नाही. कणीक फुगवायला वायू हवा, आणि 10 ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर खोलीच्या तापमानाला सुमारे 2.7 लिटर CO2 मिळतो. त्यातला बराचसा निसटतो. अल्कोहोल भाजताना जवळजवळ सगळं उडून जातं. 500 ग्रॅम मैद्याला 5 ग्रॅम कोरडं यीस्ट, 10 ग्रॅम मीठ आणि सव्वातीनशे मिली पाणी घेतलं, तर 27 अंश सेल्सिअसला तास-दीड तासात कणीक दुप्पट होते. वायू धरून ठेवतं ते मळून तयार झालेलं ग्लूटेनचं जाळं. यीस्टला पोसते ती मुख्यतः पिठातल्या अमायलेजने स्टार्चमधून सोडवलेली माल्टोज. म्हणून साखर न घालताही ब्रेड फुगतो. पाणी 60 अंशांचं असेल तर यीस्ट मरतं. उलट कणीक फार वेळ ठेवली तर जाळं ताणून फाटतं आणि भट्टीत ब्रेड बसतो.

हेच यीस्ट दुधात टाकलं तर जवळजवळ काही होत नाही, कारण दुधातली साखर लॅक्टोज आहे आणि ती फोडण्याचं विकर ब्रेडच्या यीस्टकडे नसतं. बरेच विद्यार्थी हा मुद्दा सोडतात. माझ्या मते अख्ख्या उत्तरातली हीच सर्वांत महत्त्वाची ओळ आहे.

दह्यात आम्लच काम करतं. दुधाचा pH सुमारे 6.6 असतो. तो 4.6 च्या जवळ आला की केसीनवरचा विद्युतभार संपतो, कण एकमेकांना चिकटतात आणि दही लागतं. दूध आधी 85–90 अंशांपर्यंत तापवतात ते फक्त नको असलेले जंतू मारायला नव्हे. त्या उष्णतेने दुधाच्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात आणि दही घट्ट होतं. मग 42–43 अंशांवर लिटरला 15–20 ग्रॅम विरजण घालावं. चार ते सहा तास पुरतात. दूध 55 अंशांच्या वर असताना विरजण घातलं तर जिवाणूच मरतात. विरजण चांगलं, तापमानही बरोबर, तरी दही लागत नसेल, तर दुधात प्रतिजैविकाचा अंश आहे का ते पाहावं.

प्रश्न : लोणच्यात कोणते सूक्ष्मजीव काम करतात?

इथे ‘लॅक्टोबॅसिलाय’ एवढंच लिहिलं तर अर्धेच गुण मिळावेत. मिठात मुरवून आंबवलेल्या लोणच्याविषयीच हा प्रश्न आहे. व्हिनेगर ओतून केलेल्या लोणच्यात बाहेरून आणलेलं आम्ल असतं, किण्वन नव्हे.

उदाहरण कोबीचं. किलोभर चिरलेल्या कोबीला 22 ग्रॅम मीठ चोळून, सुटलेल्या पाण्याखाली तो दाबून 18–20 अंशांवर ठेवला. विरजण काहीच घातलेलं नाही; जिवाणू पानांवरच असतात. पहिले काही दिवस बुडबुडे येतात. हे यीस्टमुळे होतं असं लिहिणं चूक आहे. ते काम लुकोनोस्टॉक या जिवाणूचं, आणि त्याचं समीकरण तिसरंच :

C6H12O6 → CH3CHOHCOOH + C2H5OH + CO2

वायू हवेला बाहेर ढकलतो, आम्लाने नासके जंतू मागे हटतात. आम्ल सुमारे एक टक्क्याच्या आसपास पोचलं की लुकोनोस्टॉक स्वतःच मंदावतो आणि अधिक आम्ल सोसणारा लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम पुढचं काम हाती घेतो. (2020 मध्ये या प्रजातीचं वर्गीकरण बदलून लॅक्टीप्लँटीबॅसिलस झालं, पाठ्यपुस्तकांत जुनं नाव आढळेल.) तीन-चार आठवड्यांत pH 3.5 च्या आसपास येतो.

मिठाचं प्रमाण या क्रमासाठीच जपायचं असतं. ते फार कमी पडलं तर कोबी मऊ होतो, कारण पेशीभित्ती विरघळवणारी विकरं आवरली जात नाहीत. साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं तर लुकोनोस्टॉक मागे पडतो, आणि मीठ एकाच जागी साठलेलं असेल तर तिथे गुलाबी यीस्ट वाढून कोबीला रंग चढतो.

यीस्टची लोणच्यातली भूमिका बहुधा उपद्रवाचीच. पाण्यावर आलेला पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा म्हणजे हवेत वाढणारं यीस्ट. ते थेट विषारी नसतं, पण लॅक्टिक आम्ल खाऊन pH वर नेतं. मग बुरशी आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना वाट मिळते. पापुद्रा नुकताच आलेला, वास आंबट आणि कोबी कुरकुरीत असेल, तर पापुद्रा काढून कोबी पुन्हा पाण्याखाली दाबावा. वास घाण झाला किंवा कोबी बुळबुळीत लागला, तर भांडं पूर्ण रिकामं करावं.