मदत घेतली की लिहून घेतलं?

एका छोट्या प्रकाशनसंस्थेत आलेली हस्तलिखितं वाचून निवडायचं काम मी करते. जवळपास प्रत्येक आठवड्यात एक वाक्य ऐकावं लागतं : “एआयची फक्त मदत घेतली आहे.” त्या ‘फक्त’मध्ये नेमकं काय आलं असं विचारलं की बहुतेक वेळा कळतं, पहिला खर्डा यंत्राचा आहे आणि लेखकाने त्यावरून हात फिरवला आहे. ही माणसं खोटं बोलत नसतात. एवढं बदललं म्हणजे ते आपलंच झालं, असं त्यांना मनापासून वाटत असतं. ते तसं होत नाही, आणि का होत नाही हे एकदा नीट सांगायचं आहे.

आधी सोपा भाग उरकते. स्वयंप्रकाशनाचा मंच आणि प्रकाशक यांची तपासणी एकसारखी नसते, हे तुम्हाला ठाऊक असेल. मंच पुस्तक वाचत नाही. तो खातं बघतो, एका दिवसात किती पुस्तकं चढली ते बघतो, मजकूर दुसऱ्या पुस्तकाशी जुळतो का ते बघतो आणि तक्रार आली की जागा होतो. अ‍ॅमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगने, म्हणजे केडीपीने, सप्टेंबर 2023 मध्ये नवी पुस्तकं दिवसाला तीनवर आणली, ती याच कारणाने. त्याच्या महिनाभर आधी जेन फ्रीडमन या लेखिकेला आपल्याच नावावर आपण न लिहिलेली पुस्तकं विक्रीला लागलेली दिसली होती. ती काढा म्हटल्यावर तिला नावाचा ट्रेडमार्क आहे का, असं विचारलं गेलं. बराच गवगवा झाला तेव्हा ती पुस्तकं हटली. प्रकाशकाकडे मात्र कोणीतरी बसून पानं उलटतं. एवढं पुरे.

आता खरा गोंधळ. त्याच सप्टेंबरमध्ये केडीपीने पुस्तक चढवताना एक नवा प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि त्यासाठी दोन शब्द वापरले : एआय-निर्मित आणि एआय-साहाय्यित. निर्मित असेल तर ते जाहीर करायचं, साहाय्यित असेल तर जाहीर करायची गरज नाही. लोक हे दोन शब्द वाचतात आणि मनातल्या मनात एक तराजू उभा करतात. एका पारड्यात यंत्राचं काम, दुसऱ्यात आपलं. आपलं पारडं जड झालं की साहाय्यित, यंत्राचं जड झालं की निर्मित. म्हणून मला विचारतात, “साठ टक्के माझं आहे, मग चालेल ना?”

या नियमात तराजू नाहीच. प्रश्न क्रमाचा आहे. वाक्य पहिल्यांदा कोणी तयार केलं, एवढंच बघायचं. मजकूर, चित्र किंवा अनुवाद यंत्राने तयार केला असेल तर तो निर्मित, मग त्यानंतर तुम्ही त्यात कितीही फेरफार केले तरी. तुम्ही स्वतः लिहिलंत आणि मग यंत्राकडून शुद्धलेखन तपासून घेतलंत, एखादं अडखळणारं वाक्य सुधारून घेतलंत, चुका शोधून घेतल्यात, तर ते साहाय्यित. कल्पना सुचवायला यंत्र वापरलं पण लेखन शेवटी तुम्हीच केलं, तरी साहाय्यितच. केडीपीच्या अर्जातच याचा पुरावा आहे. मजकूर, चित्रं आणि अनुवाद यांचे प्रश्न वेगवेगळे आहेत, आणि ‘भरपूर संपादन केलं’ हा पर्याय ‘हो, एआय वापरलं’ या उत्तराच्या पोटात येतो. ‘नाही’च्या बाजूला तो नाही. म्हणजे भरपूर संपादन करणाऱ्यांचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला आहे, आणि त्यांना निर्मितमध्येच बसवलं आहे.

सगळ्यात जास्त माणसं अनुवादात फसतात. माझ्याकडे आलेलंच एक प्रकरण सांगते. स्वामित्वहक्क संपलेल्या एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद एका बाईंनी पाठवला होता. चौदा प्रकरणं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, “एआयची मदत घेऊन केलेला अनुवाद.” मी फोन केला. त्या म्हणाल्या, “ताई, एकही वाक्य जसंच्या तसं ठेवलेलं नाही. आठ महिने बसले आहे यावर.” आठ महिने खरे होते. त्यांनी यंत्राचा मूळ खर्डाही विनातक्रार पाठवला, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघता आले.

तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं. यंत्राचा खर्डा असा :

“पत्र त्याला अशा वेळी मिळाले जेव्हा तो कोणाच्याही सोबतीच्या मनःस्थितीत नव्हता.”

बाईंनी बदललेलं असं :

“पत्र मिळालं तेव्हा तो कोणाच्या सोबतीच्या मनःस्थितीत नव्हता.”

‘अशा वेळी जेव्हा’ गेलं, ‘मिळाले’चं बोलीतलं ‘मिळालं’ झालं, वाक्य आटोपशीर झालं. जवळजवळ निम्मे शब्द हलले आहेत. पण ‘सोबतीच्या मनःस्थितीत नव्हता’ हा सांगाडा इंग्रजीचा आहे, तो यंत्राने उचलला आणि बाईंनी जपला. समोर तयार वाक्य असलं की डोळा त्यातला खडबडीतपणा शोधतो, दुसरं वाक्य शोधत नाही. मी त्यांना म्हटलं, यंत्राचा खर्डा बंद करा, फक्त मूळ पुस्तक समोर ठेवा आणि हेच वाक्य मला तोंडी सांगा. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “पत्र आलं तेव्हा त्याला माणूसच नको झालं होतं.”

हे वाक्य दुरुस्तीतून कधीच आलं नसतं. पहिल्या दोन वाक्यांत अंतर दुरुस्तीचं आहे, तिसऱ्याचं मूळच वेगळं आहे. नियम क्रमावर का बेतला आहे, हे इथे दिसतं. किती बदललं हे मोजायला कुठलंही धड माप नाही. शब्द मोजावेत तर विरामचिन्हं आणि विभक्ती बदलूनही आकडा फुगतो. आधी कोण, या प्रश्नाला मात्र लेखकाकडे सरळ उत्तर असतं.

यावर हमखास येणारा प्रश्न : मग यंत्राने लिहिलेलं ओळखणाऱ्या एखाद्या ओळखयंत्रात मजकूर टाकून निकाल का लावत नाही? कारण मी त्यावर कोणाचं पुस्तक नाकारणार नाही, आणि कोणत्याही संपादकाने नाकारू नये असं माझं ठाम मत आहे. ओपनएआयने स्वतःचं असं ओळखयंत्र जानेवारी 2023 मध्ये आणलं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त 26 टक्के त्याला ओळखता आला, आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी 9 टक्क्यांवर त्याने यंत्राचा ठपका ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून ते बंद झालं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्येच सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. साधी वाक्यरचना आणि मोजका शब्दसंग्रह हाच त्यांचा गुन्हा. जो बेताचं, सावधपणे लिहितो त्याच्यावरच ही आफत येते.

त्याऐवजी मी लेखकाशी बोलते. संशय मला मजकुरातूनच येतो : सगळी प्रकरणं जवळपास सारख्या लांबीची, प्रत्येकाचा शेवट एकाच सुरातल्या चिंतनाने, दुसऱ्या प्रकरणात धाकटी असलेली बहीण नवव्यात थोरली झालेली. पण हा संशयच, पुरावा नाही. माणूसही असं लिहितो. म्हणून मी मधल्या एखाद्या प्रकरणाचा आधीचा खर्डा मागते, फाइलचा बदलांचा इतिहास असेल तर तो मागते, आणि एका प्रसंगाबद्दल विचारते की इथे आधी काय होतं आणि ते का काढलं. ज्याने लिहिलं आहे तो या प्रश्नावर थांबतच नाही, टाकून दिलेल्या पानांबद्दल अर्धा तास बोलतो. ज्याने लिहून घेतलं आहे त्याच्याकडे टाकून दिलेलं काही नसतं. हातानं वहीत लिहिणाऱ्याकडे फाइलचा इतिहास नसतो, त्यामुळे तो नसणं मी कोणाच्या विरुद्ध धरत नाही.

दुसरी अडचण अशी, की ‘साहाय्यित’ हा शब्द एका दारात निरुपद्रवी असला तरी दुसऱ्या दारात तोच अडवतो. क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाने फेब्रुवारी 2023 मध्ये यंत्रलिखित कथांचा पूर आल्यामुळे कथा स्वीकारणंच काही काळ बंद केलं. संपादक नील क्लार्क यांनी पुढे नियमात स्पष्ट लिहिलं, की या साधनांनी लिहिलेल्या, अनुवादित केलेल्या किंवा त्यांच्या साहाय्याने तयार केलेल्या कथा विचारात घेतल्या जाणार नाहीत. म्हणजे केडीपीवर जे सांगायचीही गरज नाही, तेच तिथे कथा बाद करतं. “मी केडीपीवर टाकलं तेव्हा काही झालं नाही” हे प्रकाशकाला सांगून उपयोग नाही. केडीपीने ती माहिती स्वतःसाठी मागितली आहे. नियम आला तेव्हा ती वाचकाला दाखवलीही जात नव्हती. तिथून पुस्तक बाहेर पडलं म्हणजे कोणी ते वाचून मान्य केलं, असा अर्थ होत नाही.

करारात तर ही बाब आणखी नाजूक होते. लेखन आपलं स्वतःचं आहे, अशी हमी लेखक सही करून देतो. ते कलम मी मोठ्याने वाचून दाखवते, कारण ‘साहाय्यित’ समजून ‘निर्मित’वर सही केली तर हेतू चांगला असूनही हमी खोटी ठरते. दुसऱ्या टोकाचे लोकही भेटतात. शुद्धलेखन तपासणारं साधन वापरलं म्हणून घाबरून सगळं पुस्तक निर्मित असं जाहीर करतात. तेही चूकच आहे. आठ-दहा वर्षं लिहिलेलं स्वतःचं काम विनाकारण यंत्राच्या नावावर कशाला करायचं?

मला पत्रात हवं असतं ते एवढंच : “पहिला खर्डा मी लिहिला, नंतर शुद्धलेखन यंत्राकडून तपासलं, मुखपृष्ठाचं चित्र यंत्राचं आहे.” तीन तुकडे, तिन्हींचा क्रम स्पष्ट. मुखपृष्ठ हा वेगळा प्रश्न आहे, तो मजकुरात मिसळू नये.

त्या अनुवादाचं हस्तलिखित मी परत केलं. बाईंना वाईट वाटलं, आणि त्यांचे आठ महिने मलाही दिसत होते. दीड महिन्याने त्यांनी मूळ पुस्तकावरून नव्याने केलेली पहिली तीन प्रकरणं पाठवली आहेत. सोबत वहीच्या पानांचे फोटो आहेत. एका पानावर ‘माणूसच नको झालं होतं’च्या आधी चार वाक्यं लिहून खोडलेली दिसतात. उरलेल्या अकरा प्रकरणांसाठी त्यांना मुदत दिली आहे.