मोबाइल डेटाची राखीव जोडणी आणि स्वयंचलित फेलओव्हर (घरगुती कार्यालय)

घरून काम करणाऱ्या व्यक्तीची फायबरची मुख्य जोडणी बंद पडली असता राउटरने तो बिघाड स्वतः ओळखून घरातील वाहतूक ४जी किंवा ५जी सिमवरील राखीव जोडणीवर वळवणे आणि मुख्य जोडणी सुधारल्यावर ती परत आणणे, या व्यवस्थेला स्वयंचलित फेलओव्हर म्हणतात. फोनचा हॉटस्पॉट हाताने सुरू करण्यापेक्षा ही व्यवस्था वेगळी आहे, कारण येथे लॅपटॉप, डेस्क फोन किंवा प्रिंटर यांचे वायफाय बदलावे लागत नाही. ती उपकरणे त्याच राउटरला जोडलेली राहतात आणि बाहेर जाणारी वाट तेवढी बदलते. त्यासाठी दोन वॅन, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडे जाणाऱ्या, जोडण्या सांभाळणारा राउटर आणि सिम घालता येईल असा मोडेम लागतो. हा मोडेम राउटरमध्येच असतो किंवा यूएसबी डोंगलच्या रूपात जोडला जातो.

या व्यवस्थेचा कठीण भाग वाट बदलण्याचा नसून मुख्य वाट बंद आहे हे नेमके ओळखण्याचा आहे. रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली तर घरात फायबर जिला येऊन जोडली जाते त्या ओएनटी या पेटीवर सिग्नल गेल्याचा ‘LOS’ हा लाल दिवा लागतो, पण ती पेटी आणि राउटर यांच्यातील इथरनेटची तार शाबूत असते आणि राउटरच्या वॅन पोर्टचा हिरवा दिवा जळतच राहतो. म्हणून फक्त पोर्टच्या दिव्यावर किंवा तारेच्या स्थितीवर विसंबणारा राउटर अशा वेळी काहीच करत नाही. स्वस्त राउटरमध्ये ‘बॅकअप’ नावाची सोय असूनही ती प्रत्यक्ष बिघाडात निरुपयोगी ठरण्याचे हे एक नेहमीचे कारण होय, आणि खरेदी करताना प्रथम हीच गोष्ट विचारून घ्यावी. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक जोडणीतून इंटरनेटवरील एखाद्या दूरच्या पत्त्याला ठरावीक अंतराने पिंग पाठवून उत्तर येते का, हे पाहत राहणे.

ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त राउटर प्रणालीत हे काम `mwan3` नावाचे पॅकेज करते. त्यातील मुख्य जोडणीचा भाग साधारण असा लिहिला जातो:

```
config interface 'wan'
	option enabled '1'
	list track_ip '1.1.1.1'
	list track_ip '8.8.8.8'
	option reliability '1'
	option count '1'
	option timeout '2'
	option interval '5'
	option down '3'
	option up '8'
```

येथे दोन पत्ते देण्यामागे हेतू आहे. एकाच पत्त्यावर भिस्त ठेवली आणि तो सर्व्हर काही काळ गप्प राहिला, तर धडधाकट फायबर बंद असल्याचा निष्कर्ष निघतो. `reliability` १ ठेवल्याने दोहोंपैकी एकाचे उत्तरही पुरते. केबल तुटल्यावर प्रत्येक फेरीत दोन पत्त्यांची वाट पाहण्यात चारेक सेकंद जातात, त्यानंतर पाच सेकंदांचे अंतर येते आणि अशा तीन फेऱ्या फसल्यावर जोडणी बंद मानली जाते. म्हणजेच सुमारे २० ते ३० सेकंदांत वाहतूक सिमकडे वळते. `down` १ केल्यास हा वेळ घटतो. परंतु एकाच फेरीत दोन्ही पत्त्यांची पिंग हरवली तरी वाट बदलेल आणि चालू असलेले कॉल विनाकारण तुटतील. परतीसाठी मात्र जास्त सबुरी हवी. दुरुस्तीच्या काळात फायबर काही सेकंद येते नि पुन्हा जाते, म्हणून `up` मोठा ठेवतात. वरील आकड्यांनुसार सलग आठ यशस्वी फेऱ्या, म्हणजे सुमारे ४० सेकंद झाल्यावरच फायबर पुन्हा मुख्य होते. याखेरीज `/etc/config/network` मध्ये दोन्ही जोडण्यांना वेगवेगळे `metric`, म्हणजे वाटेचा अग्रक्रम सांगणारे आकडे, द्यावे लागतात. ते राहून गेले तर बाकी सर्व मांडणी बरोबर असूनही फेलओव्हर होत नाही.

बदलाच्या क्षणी बाहेरचा आयपी पत्ता बदलतो, त्यामुळे चालू जोडण्या टिकत नाहीत. वेबपृष्ठे वाचणाऱ्याला हे जाणवतही नाही. व्हिडिओ कॉलचे चित्र गोठते आणि ॲप स्वतःच पुन्हा जोडले जाते. दूरच्या संगणकावर आज्ञा देण्यासाठी उघडलेले एसएसएच सत्र मात्र अडकून पडते. कार्यालयाचे व्हीपीएन वायरगार्ड पद्धतीचे असेल तर ते नव्या पत्त्यावरून तसेच पुढे चालते, कारण पलीकडचा सर्व्हर आलेल्या वैध पॅकेटवरून नवा पत्ता उचलतो. इतर अनेक व्हीपीएन पुन्हा लॉगिन मागतात. कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये घराचा ठरावीक आयपी नोंदवून प्रवेश दिलेला असल्यास सिमवरून तो प्रवेश मिळणारच नाही. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, म्हणून बाहेरून घरातील उपकरणापर्यंत येण्यासाठी उघडलेले पोर्टही त्या काळात बंद असतात.

सिमवरील डेटाची रोजची मर्यादा हा दुसरा अडसर आहे. दोन्ही दिशांना प्रत्येकी सुमारे १.२ मेगाबिट प्रति सेकंद घेणारा व्हिडिओ कॉल तासाला जवळपास १ जीबी खातो, म्हणजे दिवसाला २ जीबीचा प्लॅन दोन तासांत संपतो आणि त्यानंतर मिळणाऱ्या अगदी मंद वेगावर कॉल चालत नाही. प्रत्यक्षात तो त्याहून आधीच संपतो, कारण वाट बदलल्याचे टीव्ही, सीसीटीव्ही आणि फोनमधील छायाचित्रांचे क्लाउड बॅकअप यांना ठाऊक नसते. यावर उपाय म्हणून कामाच्या लॅपटॉपला राउटरवर स्थिर स्थानिक आयपी देऊन `mwan3` मध्ये त्याच्यापुरता दोन्ही जोडण्यांचा नियम लिहावा आणि उरलेल्या उपकरणांसाठी केवळ फायबरचे धोरण ठेवून त्यात `last_resort` ची किंमत `unreachable` द्यावी. मग फायबर बंद असताना ती उपकरणे थांबून राहतात. ही एक ओळ महागड्या प्लॅनपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

वीज गेल्यावर वरील सारी बुद्धी निरर्थक ठरते, जर ओएनटी आणि राउटर बंद झाले तर. दोन्ही उपकरणे बहुधा १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतात, त्यामुळे छोटा डीसी यूपीएस त्यांना पुरतो. मात्र त्याची ॲम्पिअर क्षमता दोन्हींच्या बेरजेइतकी असावी. घरच्या इन्व्हर्टरवर ती जोडलेली असल्यास त्याचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे. साध्या मोडमधील हस्तांतराला लागणारा किंचित अधिक वेळही राउटर पुन्हा सुरू व्हायला पुरेसा असतो आणि मग मिनिटभर काम ठप्प होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमधील बिघाडाने मुंबई आणि परिसराची वीज गेली, त्या वेळी टाळेबंदीमुळे असंख्य लोक घरूनच काम करत होते. इतक्या मोठ्या क्षेत्रात वीज जाते तेव्हा सर्वांचा भार मोबाइल जाळ्यावर येतो आणि टॉवरही बॅटरी किंवा जनरेटर पुरेल तोवरच चालतात. तेथे घरातील कोणतीही मांडणी कामी येईलच असे नाही. फायबर आणि सिम एकाच कंपनीचे घेतल्यास एकाच बिघाडात दोन्ही जाण्याचा धोका वाढतो, म्हणून सिम दुसऱ्या कंपनीचे निवडतात.

चाचणी घेताना वॅनची इथरनेट तार काढणे पुरेसे नाही, कारण त्यातून फक्त तार तुटल्याचा प्रसंग तपासला जातो. ओएनटीच्या मागील हिरव्या टोकाची फायबर कॉर्ड हलकेच ओढून काढावी, तिच्या टोकात डोकावू नये व त्याला बोट लावू नये, आणि राउटरवर `mwan3 status` ही आज्ञा देऊन `wan` समोर `offline` येईपर्यंतचा वेळ मोजावा. हीच आज्ञा एरवीही अधूनमधून द्यावी: राखीव जोडणीवरही पिंग सुरू ठेवलेले असले, तर सिमची वैधता संपल्याचे मुख्य जोडणी चालू असतानाच तेथे दिसून येते.