कलपाची ॲलर्जी

केसांना कलप लावल्यानंतर टाळू, कपाळ, कान आणि पापण्यांवर उठणारी खाज व सूज. बहुतेक वेळा तिचे कारण पॅरा-फेनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, हे रसायन असते. काळा व गडद तपकिरी रंग देणाऱ्या बहुतेक टिकाऊ कलपांत ते किंवा त्याचे जवळचे भाऊबंद असतात.

पीपीडीचे रेणू मुळात रंगहीन आणि अगदी लहान असतात, म्हणून ते केसाच्या आत शिरतात. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग होऊन त्यांचे मोठे, रंगीत रेणू बनतात आणि मग ते बाहेर पडू शकत नाहीत. घात होतो तो या मधल्या टप्प्यावर. अर्धवट बदललेले रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके समजून लक्षात ठेवते. याउलट केसात पक्का बसलेला रंग सहसा त्रास देत नाही, त्यामुळे ॲलर्जी झाल्यावर केस कापण्याची गरज बहुधा पडत नाही.

ही ॲलर्जी उशिरा उठते, आणि तिथेच माणूस फसतो. समजा, एका बाईंनी दहा वर्षे बिनतक्रार वापरलेला पुडीतला कलप लग्नाआधी शनिवारी संध्याकाळी लावला. रविवारी दुपारी कानामागे चुरचुर सुरू झाली. सोमवारी सकाळी कपाळावर केसांच्या रेषेलगत लाल पट्टा उमटला आणि पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. टाळूची त्वचा जाड असल्यामुळे तिथे त्यामानाने कमी दिसते. पापण्यांची त्वचा पातळ, म्हणून सूज तिथे जास्त. हे डोळे आल्याचे किंवा काही बाधल्याचे लक्षण समजले जाते आणि दोन दिवसांपूर्वीच्या कलपाकडे कुणाचे लक्ष जात नाही. 'इतकी वर्षे काही झाले नाही' हा दिलासाही खोटा आहे, कारण ॲलर्जी वारंवारच्या संपर्कातून तयार होऊ शकते. एकदा ती जडली की सहसा आयुष्यभर राहते आणि पुढच्या वेळी त्रास लवकर व जास्त होऊ शकतो.

अशा वेळी केस सौम्य शाम्पूने व भरपूर पाण्याने धुवावेत, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ही खाज मुख्यतः हिस्टामिनमुळे नसते, त्यामुळे ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने फारसा उतार पडत नाही. डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात, सूज मोठी असेल तर थोडे दिवस गोळ्याही. ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे. निदान पाठीवरच्या पॅच टेस्टने होते. व्हॅसलिनमध्ये मिसळलेले १ टक्का पीपीडी दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि पट्टी काढल्यावर व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात. ज्यांना आधी त्रास झाला आहे त्यांनी घरी कलपाचा थेंब लावून परीक्षा पाहू नये.

पर्याय शोधताना 'अमोनिया नाही' या शब्दांवर विसंबू नये. अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळे. पुडीवर पी-फेनिलिनडायअमाइन, १,४-डायअमिनोबेंझिन किंवा सीआय ७६०६० यांपैकी काही छापले आहे का ते पाहावे. पीपीडीऐवजी टोल्युइन-२,५-डायअमाइन घातलेल्या कलपानेही यातल्या अनेकांना त्रास होतो, कारण दोघांची रचना मिळतीजुळती आहे.

सर्वांत मोठी फसगत 'काळ्या मेंदी'ची. मेंदीच्या पानातले लॉसोन केसांना नारिंगी-तांबूस रंग देते, काळा कधीच नाही. तासाभरात केस काळेभोर करणाऱ्या 'हर्बल' मेंदीत पीपीडी मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते. घटकांची यादी नसलेली किंवा सुटी काळी मेंदी घेऊच नये. हातावर नक्षी काढणारी काळी मेंदीही तितकीच धोक्याची. लहानपणी तिने झालेली ॲलर्जी पुढे कलप लावताना उफाळून येऊ शकते.

गडद रंग हवाच असेल तर साध्या मेंदीवर निळीच्या (नीळ वनस्पतीच्या) पानांची पूड लावता येते. मेंदी कोमट पाण्यात काही तास भिजवून दोन-तीन तास केसांवर ठेवावी आणि नुसत्या पाण्याने धुवावी. मग निळीची पूड कोमट पाण्यात कालवून, दहा-पंधरा मिनिटांनी लगेच लावून तासभर ठेवावी. रंग एक-दोन दिवसांत गडद होतो. निळीची पूडही भेसळीची असू शकते, तेव्हा घटक इथेही वाचावेत. मेंदी व नीळ क्वचित कुणाला सोसत नाहीत. ज्यांना पूर्वी कलपाचा त्रास झालेला नाही, त्यांनी दोन्ही पुड्या कोपराच्या आत लावून दोन दिवस थांबावे. त्रास झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जी-६-पीडी विकराची कमतरता असलेल्यांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, मेंदी अजिबात लावू नये. लॉसोनमुळे त्यांच्या लाल रक्तपेशी फुटू शकतात.

पीपीडीची ॲलर्जी असल्याचे डॉक्टरांना सांगून ठेवावे. बेंझोकेन या त्वचा बधिर करणाऱ्या औषधाशी आणि कापडातल्या काही रंगांशीही अशा व्यक्तींचे पटत नाही.