फॅक्टरी इन्स्पेक्टर आला, नोटीस दिली : पुढे काय होतं आणि खटला कधी भरला जातो

महाराष्ट्रात कारखान्यांची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे 'डिश', करतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. नव्या कायद्यात निरीक्षकाच्या पदनामाला सल्ला देणारा, मदत करणारा असाही अर्थ जोडला आहे. शेडमध्ये मात्र त्याला अजून 'फॅक्टरी इन्स्पेक्टर'च म्हणतात, आणि इथेही तोच शब्द वापरला आहे.

पहिला प्रश्न पात्रतेचा, म्हणजे हा कायदा आपल्याला लागू होतो का? वीज वापरून उत्पादन होत असेल आणि २० किंवा जास्त कामगार असतील, तर संहितेच्या दृष्टीने तो कारखाना. विजेशिवाय चालणाऱ्या ठिकाणी ही संख्या ४०. जुन्या कायद्यात हेच आकडे १० आणि २० होते. कंत्राटदाराची माणसं कामगारांत धरायची असतात, आणि अनेकांची मोजणी इथेच चुकते. पगारपत्रकावर १४ नावं आणि कंत्राटदाराचे ९ असतील, तर एकूण २३ होतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा पत्र्याचे भाग ठोकणारं प्रेस शॉप आहे, २३ कामगार, सहा पॉवर प्रेस. संहितेनुसार तपासणीसाठी कारखाना आणि निरीक्षक यांची निवड संगणकावर यादृच्छिक पद्धतीने करता येते, त्यामुळे 'आपला नेहमीचा साहेब येईल' हा हिशोब आता धरू नये. तक्रार किंवा अपघात झाला, तर थेट भेटही होऊ शकते.

निरीक्षक आला की ओळखपत्र पाहावं, व्यवस्थापकाला बोलवावं आणि भोगवटादाराला फोन करावा. भोगवटादार म्हणजे कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अंतिम ताबा आहे तो. कंपनी असेल तर तिचा एक संचालक. 'मालक बाहेरगावी आहेत, उद्या या' असं म्हणून गेटवर थांबवू नये. प्रवेश करणं, यंत्रं तपासणं, नोंदवह्या मागणं, त्यांच्या प्रती घेणं, मोजमाप, फोटो आणि व्हिडिओ घेणं, पदार्थांचे नमुने नेणं, कामगारांचे जबाब घेणं, हे सगळं त्याच्या अधिकारात येतं. जाणूनबुजून अडवलं तर तो स्वतंत्र गुन्हा आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागद एका फाइलमध्ये ठेवावेत : नोंदणी आणि परवाना, मंजूर नकाशे, हजेरीपट, अपघात नोंदवही, कामगारांच्या वैद्यकीय तपासण्या, आणि उचल-साधनं व दाबपात्रं यांच्या परीक्षणाचे सक्षम व्यक्तीने दिलेले दाखले. दाखल्यावरचा क्रमांक आणि यंत्रावर ठोकलेला क्रमांक जुळतात का, हे आदल्या दिवशीच स्वतः जाऊन पाहावं. क्रेन बदलली आणि दाखला जुन्याच क्रेनचा राहिला, असं वरचेवर सापडतं. नोंदी ठेवल्याच नसतील तर त्याचा दंड वेगळा, ५० हजार ते एक लाख रुपये.

खरी तपासणी शेडमध्ये होते. प्रेसवर दोन हातांची बटणं का असतात? दोन्ही हात बटणांवर असले की डायखाली हात जाऊ शकत नाही. म्हणून जाणकार निरीक्षक आधी बटणांवर टेप, तार किंवा पाचर आहे का ते पाहतो. मग एक बटण आधीच दाबून ठेवून थोड्या वेळाने दुसरं दाबायला सांगतो. प्रेस चालला तर ती रचना निव्वळ दिखाऊ आहे, कारण चांगल्या रचनेत दोन्ही बटणं जवळजवळ एकाच क्षणी दाबावी लागतात आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सोडावी लागतात. चौथ्या क्रमांकाच्या प्रेसवर असंच निघालं असं धरू. शिवाय पाचव्या प्रेसचं फ्लायव्हील उघडं आहे. त्याचं कव्हर कोपऱ्यात धूळ खात पडलंय.

इथून दोन वाटा फुटतात. फ्लायव्हीलसाठी नोटीस येईल. व्यवहारात तिला सुधारणेची नोटीस म्हणतात. तिच्यात कोणतं यंत्र, कोणती तरतूद मोडली, काय करायचं आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं असतं. कारणे दाखवा नोटीसही असू शकते. चौथ्या प्रेसची गोष्ट वेगळी. गंभीर इजा किंवा मृत्यूचा धोका आहे असं निरीक्षकाला वाटलं, तर तो लेखी आदेश देऊन कारखान्याच्या त्या भागात माणसं लावायला बंदी करू शकतो. धोका दूर करायला लागतील तेवढीच किमान माणसं तिथे राहतात. हा आदेश तीन दिवस चालतो, पुढे मुख्य निरीक्षक तो वाढवू शकतो. त्याविरुद्ध अपील उच्च न्यायालयात करता येतं. बंदीच्या काळात त्या कामगारांना वेतन द्यावंच लागतं आणि शक्य तिथे दुसरं काम द्यावं लागतं. 'प्रेस बंद आहे, घरी जा, पगार नाही' असं सांगणं म्हणजे आणखी एक उल्लंघन.

नोटिशीचं उत्तर कसं द्यावं? 'ऑपरेटरांना सक्त ताकीद दिली आहे' हे उत्तर नव्हे, कारण नोटीस यंत्राच्या दोषाबद्दल आहे. प्रत्येक मुद्द्याखाली काय बदललं, कोणत्या तारखेला, कोणी केलं ते लिहावं. यंत्राचा क्रमांक दिसेल असा आधीचा आणि नंतरचा फोटो, बिल आणि चाचणीची नोंद जोडावी. सुटा भाग यायला वेळ लागणार असेल तर मुदत संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागावी, सोबत ऑर्डरची प्रत द्यावी आणि तोवर यंत्राचा मेन स्विच कुलूपबंद ठेवल्याचं कळवावं. पोच घ्यायला विसरू नये. फोटोपुरतं कव्हर लावून नंतर काढून ठेवणारे पुढच्या भेटीत सापडतात : बोल्टवरचा रंग शाबूत असतो आणि आतल्या बाजूला ग्रीसचा एक ठिपकाही नसतो.

दुर्लक्ष केलं तर? साध्या उल्लंघनाला सर्वसाधारण दंड दोन लाख ते तीन लाख रुपये आहे. उल्लंघन चालूच राहिलं तर दिवसाला दोन हजारांपर्यंत भर पडते. अपघात झाला की चित्र पालटतं. कर्तव्यात कसूर केल्यामुळे कामगार दगावला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर शारीरिक इजा झाली, तर एक वर्षापर्यंत कैद, दोन ते चार लाख दंड, किंवा दोन्ही. दंडाची किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई म्हणून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

अपघाताची सूचना द्यावी लागते ती मृत्यू झाल्यावर, तसंच इजेमुळे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तेव्हा. चौकशीसाठी जागा जशी आहे तशी ठेवण्याचा आदेश निरीक्षक देऊ शकतो. जखमीला बाहेर काढणं आणि पुढचा धोका टाळणं अर्थातच आधी. पण त्यानंतर बटणावरची टेप काढून टाकणं, फरशी धुणं, गार्ड परत बसवणं, यातलं काहीही केलं तर मूळ चुकीपेक्षा तीच गोष्ट न्यायालयात जड जाते. टेप लावलेली बटणं पर्यवेक्षकाला रोज दिसत होती का, हा प्रश्न तिथे हमखास येतो. आधीची नोटीस फाइलमध्ये असेल, तर त्याचं उत्तर भोगवटादाराच्या सहीनिशी आधीच लिहिलेलं असतं.